महिन्याला किती केक विकले की खर्च निघतो? घरगुती केक व्यवसायाच्या ब्रेक-इव्हनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी उत्तरं एकाच उदाहरणावर बेतली आहेत. परभणीतलं घरचं स्वयंपाकघर, अंड्याशिवायचा अर्ध्या किलोचा पायनॅपल केक, विक्री किंमत 400 रुपये. भाव उदाहरणादाखल धरले आहेत. तुमच्या गावात क्रीम, बॉक्स किंवा पेट्रोलचा दर वेगळा असेल तर तो घाला, रीत तीच राहील.

ब्रेक-इव्हन म्हणजे नेमकं काय?

विक्रीचा असा आकडा, जिथे नफाही नाही आणि तोटाही नाही. केक विकला की आलेल्या पैशांतून आधी त्याच केकचं सामान, बॉक्स, लाईट यांचा खर्च जातो. मागे जे उरतं ते दर महिन्याला ठरलेले खर्च फेडत जातं. ते खर्च ज्या केकला पूर्ण फिटले, तो ब्रेक-इव्हनचा केक. त्याच्या पुढच्या प्रत्येक केकवर उरलेली रक्कम तुमची.

कोणता खर्च स्थिर आणि कोणता बदलता, हे कसं ओळखायचं?

स्वतःला एक प्रश्न विचारा: या महिन्यात एकही ऑर्डर आली नाही तर हा खर्च होईल का? होणार असेल तर स्थिर, नाही तर बदलता. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा महिन्याचा पगार ऑर्डर नसली तरी द्यायचाच असतो, म्हणून तो स्थिर. बॉक्स केक गेला तरच जातो, म्हणून तो बदलता. विजेचे मात्र दोन भाग पडतात. केकसाठी ठेवलेला वेगळा फ्रीज रात्रंदिवस चालू असतो, तो स्थिर खर्चात येतो. ओव्हन केक भाजतानाच लागतो, म्हणून त्याची वीज बदलत्या खर्चात.

एका केकचा खर्च कसा काढायचा?

अंदाजाने काढू नका, वजनकाटा घ्या. बहुतेकांची चूक क्रीमच्या हिशोबात होते, कारण क्रीम कपाने मोजलं जातं आणि फेटल्यावर त्याचा आकार दुपटीहून जास्त वाढतो. भांडं रिकामं असताना वजन करा, न फेटलेलं क्रीम ओतून पुन्हा करा. केक सजवून झाला की भांड्यात आणि पायपिंग बॅगमध्ये उरलेलं क्रीम तोला. मधला फरक म्हणजे खरं लागलेलं क्रीम. बॅगला चिकटून राहिलेलं आणि शेवटी सिंकमध्ये गेलेलं क्रीमही त्याच केकच्या नावावर टाका.

आमच्या उदाहरणात प्रिमिक्स 200 ग्रॅम लागतं, किलोला 190 रुपये दराने 38 रुपये. क्रीम 200 ग्रॅम, किलोला 220 दराने 44 रुपये. पायनॅपल क्रश 60 ग्रॅमचे 9 रुपये. तेल, साखरेचा पाक, इसेन्स आणि रंग मिळून 12. सामानाची बेरीज 103 रुपये.

पॅकिंग बरेच जण विसरतात. केकखालचा पुठ्ठा 10, बॉक्स 18, मेणबत्ती-सुरी-टॉपर 12, बटर पेपर 2, म्हणजे 42 रुपये, सामानाच्या चाळीस टक्के! दीड किलोवॅटचा ओटीजी गरम होण्यासकट पाऊण तास चालतो. थर्मोस्टॅट मध्ये मध्ये बंद-चालू होत असल्याने साधारण पाऊण ते एक युनिट जातं, त्याचे 9 रुपये धरू. इथवर 154 रुपये होतात.

गावातल्या गावात स्कूटीवरून पोहोचवायचं पेट्रोल 10 रुपये. शेवटचा खर्च वाया जाण्याचा. कधी स्पंज मधोमध बसतो, कधी क्रीम फाटतं, तर कधी नाव चुकीचं लिहिलं जातं. पंचवीस केकमागे एक वाया गेला तर त्याचे 154 रुपये उरलेल्यांवर वाटले जातात, केकमागे 6. एकूण बदलता खर्च 170 रुपये.

केक 400 ला विकला तर हातात राहतात 230 रुपये. खालचा सगळा हिशोब या 230 वर चालतो.

आणि महिन्याचा स्थिर खर्च?

ओटीजी, बीटर, साचे, टर्नटेबल, नोझल, काटा आणि जुना एक दरवाजाचा फ्रीज मिळून 18,000 रुपये गेले असं समजू. ही रक्कम एका महिन्याच्या माथी मारायची नसते. वस्तू तीन वर्षं टिकतील असं धरलं तर महिन्याला 500 येतात. मावशींचा भांड्यांचा वाढीव पगार 1,200, फ्रीजची वीज 250, मोबाईल रिचार्जचा वाटा 150, इन्व्हर्टरच्या बॅटरीचा वाटा 150, बचत गटाच्या कर्जाचं व्याज 100 आणि किरकोळ 100. बेरीज 2,450 रुपये.

इन्व्हर्टरचा वाटा चैन म्हणून धरलेला नाही. भारनियमनात बीटर मध्येच थांबला तर अर्धवट फेटलेलं क्रीम गरम होऊन पातळ होतं, आणि ते पुन्हा फेटून आधीसारखं उभं राहत नाही. ओटीजी मात्र साध्या घरगुती इन्व्हर्टरवर चालत नाही. भाजायची वेळ लाईटचं वेळापत्रक बघूनच ठरवावी लागते.

अन्न परवान्याच्या मूलभूत नोंदणीचं सरकारी शुल्क किरकोळ असतं, ते किरकोळमध्ये बसतं. एजंटकडून करून घेतली असेल तर त्याला दिलेले पैसे वर्षभरात वाटून धरा.

मग किती केक?

स्थिर खर्च भागिले केकमागे उरणारी रक्कम. 2,450 ÷ 230 = 10.65. पाऊण केक कुणी विकत घेत नाही, म्हणून उत्तर 11. इथे नेहमी वरचाच पूर्ण आकडा घ्यायचा. 10 केकवर 2,300 जमतात आणि 150 रुपये कमी पडतात, त्यामुळे 10.2 आलं तरी उत्तर 11 च.

मोबाईलवर शीट वापरत असाल तर B1 मध्ये स्थिर खर्च, B2 मध्ये विक्री किंमत आणि B3 मध्ये बदलता खर्च भरा, मग हे सूत्र टाका:

```
=ROUNDUP(B1/(B2-B3),0)
```

यात माझी मजुरी कुठे आहे?

कुठेच नाही, आणि म्हणूनच 11 हा आकडा फसवा आहे. अकरा केक विकून भांडी, वीज आणि व्याजाचे पैसे निघतात, तुमचे कष्ट फुकट जातात. घरच्या बाईने ओट्याशी उभं राहून घालवलेला वेळ घरातलं कुणी हिशोबात धरत नाही, पण तुम्ही तरी धरा.

महिन्याला स्वतःला निदान 6,000 रुपये मिळावेत असं ठरवलं तर ते स्थिर खर्चात मिळवा. 8,450 ÷ 230 = 36.7, म्हणजे 37 केक. एका केकला खरेदी, भाजणं, आयसिंग, फोन आणि पोहोचवणं धरून पावणेदोन तास लागत असतील, तर 37 केकचे साधारण 65 तास होतात आणि तासाला 92-93 रुपये पडतात. हा दर पटत नसेल तर 6,000 चा आकडा बदला.

दोन्ही आकडे जवळ ठेवावेत. 11 च्या खाली गेलात तर खिशातून पैसे जात आहेत. 11 ते 37 च्या मध्ये असाल तर धंदा तोट्यात नाही, मजुरी मात्र कमी पडतेय. वीस केक विकणारीला 2,150 रुपये उरतात, तासाला साधारण 61.

कर्जाचा हप्ता स्थिर खर्चात धरायचा ना?

पूर्ण हप्ता धरू नका, फक्त व्याज धरा. बचत गटातून 18,000 घेतले, अठरा महिन्यांत दरमहा 1,000 मुद्दल फेडायचं आणि राहिलेल्या रकमेवर महिना एक टक्का व्याज, असं असेल तर पहिल्या महिन्याचं व्याज 180 आणि शेवटच्या महिन्याचं 10 रुपये. सरासरी 95 पडते, म्हणून वर 100 धरले. मुद्दलाचे हजार रुपये धरायचे नाहीत, कारण त्याच पैशांतून ओव्हन आणि फ्रीज आले आणि त्यांची झीज 500 रुपयांनी आपण आधीच मोजली आहे. दोन्ही धरलं तर एकच खर्च दोनदा लागतो आणि उत्तर उगाच चार-पाच केकने फुगतं.

हप्ता भरायला रोख मात्र लागतेच. झिजेचे 500 हातून लगेच जात नाहीत आणि हप्त्याचे 1,000 जातात, म्हणून पहिली अठरा महिने दरमहा 500 रुपयांची जास्तीची रोख लागेल. ती अडचण रोखीची आहे, तोट्याची नाही. दोन गोष्टी वेगळ्या वहीत ठेवा.

केकच्या क्लासची फी गेली होती, ती?

ती गेली. धंदा चालू ठेवायचा की नाही हे ठरवताना तिचा विचार करू नका, कारण बंद केला तरी फी परत मिळणार नाही.

सगळे म्हणतात 50 रुपये कमी करा, जास्त खपतील. करावं का?

50 रुपये म्हणजे 400 च्या साडेबारा टक्के, ऐकायला थोडेच. पण सामान, बॉक्स आणि पेट्रोल तेवढंच लागतं, त्यामुळे पूर्ण 50 रुपये तुमच्या 230 मधून जातात आणि उरतात 180. मजुरीसह हिशोब केला तर 8,450 ÷ 180 = 46.9, म्हणजे 47 केक. आधी 37 पुरत होते. सवलत देऊन तेवढंच कमवायला महिन्याला दहा केक जास्त विकायचे आणि साडेसतरा तास जास्त उभं राहायचं.

आधी विचारा, भाव 350 केला तर खरंच दहा ऑर्डर वाढतील का? ओळखीतले जे आज 400 ला घेतात तेच 350 ला घेणार असतील तर काही वाढत नाही, फक्त उरणारी रक्कम घटते. सवलत द्यायचीच असेल तर एखाद्या ठरावीक दिवशी किंवा पहिल्या ऑर्डरपुरती द्या. एकदा खाली आणलेला भाव परत वर नेताना पाहुणे-शेजारी नाराज होतात.

उलट्या दिशेनेही हाच खेळ आहे. क्रीम किलोला 220 वरून 260 झालं तर केकमागे फक्त 8 रुपये वाढतात आणि उरतात 222. 8,450 ÷ 222 = 38.06. अडतीस केकवर 14 रुपये कमी पडतात, म्हणून 39. क्रीमच्या एका भाववाढीने दोन केक वाढले.

उन्हाळ्यात हा आकडा बदलतो का?

एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात पारा 42 च्या वर जातो तेव्हा बदलतोच. नॉन-डेअरी क्रीम फ्रीजमध्ये हळूहळू सुटलेलं, गारेगार असेल तरच उभं राहतं. ते बाहेर ओट्यावर सुटायला ठेवलं की कडेने पाणी आणि मध्ये बर्फ अशी अवस्था होते, आणि बीटरखाली दाणेदार बनतं. ओळखायची खूण सोपी आहे: बीटर उचलला की टोक उभं राहण्याऐवजी वाकतं, आणि पृष्ठभाग चकचकीत राहण्याऐवजी फाटल्यासारखा दिसतो. भांडं आणि पाती आधी फ्रीजरमध्ये ठेवून, भांड्याखाली बर्फाचं पाणी घेऊन पहाटे फेटणं हा उपाय आहे.

तरीही वाया जाणं वाढतं. पंचवीसमागे एकाऐवजी दहामागे एक धरलं तर केकमागे 6 ऐवजी 15 रुपये. दुपारी स्कूटीवर केक नेता येत नाही, आयसिंग घसरतं. रिक्षाचे 50 रुपये द्यावे लागले तर पेट्रोलचे 10 वगळून 40 वाढले. बदलता खर्च 170 वरून 219 वर जातो, उरतात 181, आणि मजुरीसह पुन्हा 47 केक लागतात. म्हणजे उन्हाळ्याने 50 रुपयांची सवलत तुमच्या नकळत देऊन टाकली!

याला दोन वाटा आहेत. एप्रिल ते जून रिक्षाभाडं वेगळं सांगा, किंवा संध्याकाळी सहानंतर घरूनच घेऊन जायला सांगा. ऑर्डर घेतानाच सांगितलं तर बहुतेकांना पटतं. केक दारात उभा असताना सांगितलं तर वाद होतो.

अर्धा किलो आणि एक किलो दोन्ही विकते. मग कसं काढायचं?

दोन्हींची उरणारी रक्कम वेगळी काढा आणि विक्रीच्या प्रमाणात सरासरी घ्या. एक किलोच्या केकला सामान 206, पॅकिंग 55, वीज 12, पेट्रोल 10, वाया जाण्याचे 11 असे 294 रुपये लागतात. भाव 700 असेल तर उरतात 406.

वहीत बघा, चार ऑर्डरींत तीन अर्ध्या किलोच्या आणि एक किलोची एक येते का? असेल तर तीन वेळा 230 आणि एकदा 406 मिळून 1,096. चारने भागलं तर 274. 8,450 ÷ 274 = 30.8, म्हणजे 31 केक: साधारण 23 अर्ध्या किलोचे आणि 8 एक किलोचे. पडताळून पाहिलं तर 5,290 आणि 3,248 मिळून 8,538 होतात, पुरतं.

प्रमाण बदललं की आकडा हलतो. लग्नसराईत मोठे केक जास्त गेले म्हणून 31 ला निभावलं, तर तोच आकडा पितृपक्षाच्या महिन्यात धरून बसू नका. लहान केकच येत असतील तर परत 37 कडे बघा.

हिशोबाने 37 केक झाले, तरी पैसे दिसत नाहीत. कुठे जातात?

आधी तयार केक काट्यावर ठेवा. वरच्या मापाने स्पंज भाजल्यावर साधारण 285 ग्रॅम भरतो. पाक, क्रश आणि क्रीम मिळून केक 585 च्या आसपास जातो, म्हणजे अर्ध्या किलोहून आधीच जास्त. हात मोकळा सोडून आणखी 50 ग्रॅम क्रीम लावलं तर 11 रुपये गेले. 37 केकांत त्याचे 407 रुपये होतात, जवळजवळ दोन केकची कमाई. क्रीम 200 ग्रॅमवर थांबवायचं असेल तर फेटायच्या आधीच तेवढं मोजून वेगळं काढा. भांडं समोर भरलेलं असेल तर हात थांबत नाही.

दुसरी जागा उधारी. "ताई, पगार झाला की देते" या केकचा खर्च झालेला असतो आणि पैसे नसतात. वसूल होईपर्यंत तो विक्रीत मोजू नका. भाच्याच्या वाढदिवसाला दिलेला केक तर विक्री नाहीच, त्याचे 170 रुपये घरखर्चात लिहा. नाही तर महिन्याअखेर वाटतं की क्रीमच जास्त लागतंय.

एका कोचिंग क्लासने 20 केक 280 रुपयांनी मागितले आहेत. घ्यावेत का?

इथे 400 शी तुलना करू नका. या ऑर्डरमध्ये जास्तीचं काय खर्च होतं ते बघा. टॉपर-मेणबत्तीचे 12 वाचतात, 20 केकांना 100 रुपयांचा एक टेम्पो म्हणजे केकमागे 10 ऐवजी 5. बदलता खर्च 153 होतो, उरतात 127, आणि वीस केकांचे 2,540. महिन्याचा स्थिर खर्च तुमच्या नेहमीच्या ऑर्डरींनी फिटलेला असेल तर हे सगळे पैसे तुमचे. एकसारखे केक एकत्र केल्याने केकमागे सव्वा तास लागला तर 25 तासांचे हे पैसे होतात, तासाला सुमारे 100.

अडचण फ्रीजची आहे. एक दरवाजाच्या फ्रीजमध्ये पाच-सहा बॉक्सपेक्षा जास्त मावत नाहीत, आणि आयसिंग केलेला केक बाहेर ठेवता येत नाही. दोन-तीन दिवसांत विभागून द्यायला क्लासवाले तयार आहेत का, हे आधी विचारा. त्या आठवड्यात 400 च्या पाच ऑर्डरी नाकाराव्या लागणार असतील तर त्यांचे 1,150 रुपये वजा करूनच 2,540 कडे बघा.

ऑर्डरी वाढल्या, मदतनीस ठेवू का?

स्थिर खर्च पायरीसारखा चढतो. 3,000 रुपयांची मुलगी ठेवली तर 3,000 ÷ 230 = 13.04, म्हणजे 14 केक फक्त तिच्या पगारासाठी लागतात. आज जागा-वेळ नाही म्हणून महिन्याला 14 हून जास्त ऑर्डरी खरोखर परत जात आहेत का, हे दोन महिने वहीत लिहून बघा. "लोक विचारतात" आणि "मी नाही म्हटलं" यांत फरक असतो. नाकारलेल्या ऑर्डरीच मोजा.

हिशोब परत कधी करायचा?

क्रीम किंवा प्रिमिक्सचा दर बदलला, बॉक्सवाला बदलला, नवीन वस्तू घेतली, आणि एप्रिलच्या सुरुवातीला. एरवी तीन महिन्यांतून एकदा पुरे. साखर-तेल मोंढ्यातून आणता ती पावती आणि बेकरी सामानाचं बिल एकाच डब्यात टाकत जा. एका केकचा खर्च काढायला तेवढंच लागतं आणि अर्ध्या तासात काम होतं.